जातो, जात आहे, जात असतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत मराठी शिकणारी माणसं नाना तऱ्हेची असतात. मिरजेला डॉक्टरकी शिकायला आलेली पोरं, बदलीवर आलेले बँकवाले, मार्केट यार्डात हळदीच्या धंद्यासाठी आलेले परप्रांतीय व्यापारी, लग्न होऊन इथं आलेल्या सुना. शब्द त्यांना पटापट येतात, पण अडकतात सगळे एकाच ठिकाणी: 'जातो', 'जात आहे' आणि 'जात असतो' यांतलं कुठलं रूप कधी लावायचं. आणि ते विचारतात तेव्हा आपण सांगलीकर "तसंच म्हणतात" म्हणून मोकळे होतो. शिकणाऱ्यांकडून आणि त्यांच्या शेजाऱ्यांकडून सारखे येणारे प्रश्न इथं घेतले आहेत.

तिन्हींत नेमका फरक काय?

शेजारचा पोरगा घ्या. "तो मिरजेला जातो" म्हटलं की त्याची नोकरी किंवा कॉलेज तिकडं आहे, हे कळलं. हे वाक्य रविवारी दुपारी तो घरात लोळत असतानाही खरंच राहतं. "तो मिरजेला जात आहे" म्हटलं की तो आत्ता वाटेत आहे, विश्रामबागच्या आसपास कुठंतरी बसमध्ये असेल. "तो मिरजेला जात असतो" म्हटलं की त्याचं तिकडं येणं-जाणं चालू असतं. दिवस ठरलेला असेलच असं नाही, पण गल्लीला ते माहीत आहे आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही.

पहिल्या दोन रूपांचा घोळ फारसा होत नाही. घोळ तिसऱ्यात आहे.

'जातो' म्हटल्यावर सवय आलीच. मग 'जात असतो' कशाला हवं?

हे कळायला आधी 'जाणे' बाजूला ठेवा आणि 'आहे' व 'असतो' एवढेच बघा. टपरीवर ग्लास हातात घेऊन "चहा गरम आहे" म्हणतो, तो हातातल्या चहाबद्दल. "इथला चहा गरम असतो" म्हणतो, ते या टपरीच्या एकूण लौकिकाबद्दल. 'आहे' समोरची स्थिती सांगतं. 'असतो' ती स्थिती पुन्हा पुन्हा, एरवीही सापडते असं सांगतो. आता दोन्हींच्या आधी 'जात' लावा. 'जात आहे' म्हणजे जाण्याची क्रिया समोर चालू आहे. 'जात असतो' म्हणजे बघावं तेव्हा जाण्याची क्रिया चालू सापडते. म्हणजे 'जात असतो' मध्ये सवय आणि चालूपण दोन्ही आहेत, आणि 'जातो' मध्ये नुसती सवय आहे.

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर हे वाक्य घ्या: "सकाळी सातला फोन केला की तो मिरजेला जात असतो." म्हणजे तुमचा फोन लागतो तेव्हा तो रोज वाटेत असतो, मागं बसचा आवाज येतो. आता एकच शब्द बदला: "सकाळी सातला फोन केला की तो मिरजेला जातो." अर्थ पार उलटला. आता तुमच्या फोनमुळं तो जातो, फोन केला नाही तर घरीच बसेल. इथं 'जातो' आणि 'जात असतो' यांची अदलाबदल करताच येत नाही.

'जात असतो'चं दुसरं काम जास्त सैल आहे. "तो पुण्याला जात असतो" यात ठरावीक वेळ नाही, वाटेत असण्याचाही संबंध नाही. इथं रूप एवढंच सांगतं की ही गोष्ट अधूनमधून घडते. म्हणून अधूनमधून, सारखा, कायम, नेहमी हे शब्द 'जात असतो' जवळ आपसूक येऊन बसतात. उलट वेळापत्रकाला ते मानवत नाही. स्टँडवर चौकशी केली तर "गाडी सातला सुटते" असं उत्तर मिळतं. कंट्रोलर "सातला सुटत असते" म्हणाला, तर समजा की गाडीचा भरवसा नाही.

ग्रुपवर "पाणी वाढतं" असं लिहिलं, तर कुणी हललंच नाही. काय चुकलं?

हा प्रश्न पावसाळ्यात हमखास येतो, म्हणून नीट सोडवू.

सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. पातळी तिशी ओलांडून वर सरकू लागली की नदीकाठच्या अपार्टमेंटचे ग्रुप जागे होतात. समजा, तळमजल्यावर राहणाऱ्या भाडेकरूनं पुलावर जाऊन डोळ्यांनी बघितलं आणि लिहिलं: "आयर्विनला ३४ फूट. पाणी वाढतं."

मराठी माणसानं ते असं वाचलं: पाऊस पडला की पाणी वाढतं, निसर्गनियम आहे. 'वाढतं' हे रूप एकतर नियम सांगतं किंवा सवय सांगतं. "कोयनेतून विसर्ग वाढवला की सांगलीत पाणी वाढतं" हे वाक्य भर उन्हाळ्यात, नदी आटलेली असतानाही बरोबरच ठरतं. त्यामुळं बातमी असूनही ती बातमी वाटली नाही.

त्यानं लिहायला हवं होतं: "पाणी वाढतंय." हे रूप वाचल्याबरोबर पुढचा प्रश्न येतो, किती वेगानं? मग कुणी तासाला किती चढलं ते विचारतं, कुणी पार्किंगमधली गाडी काढायला धावतं. चालू क्रियेचं रूप ऐकणाऱ्याला त्या क्षणी आणून उभं करतं आणि त्या क्षणी काहीतरी करणं भाग असतं.

आता तिसऱ्या मजल्यावरचे काका लिहितात: "पावसाळ्यात पाणी वाढत असतं." व्याकरणानं वाक्य निर्दोष आहे. पण त्याचा खरा अर्थ आहे, घाबरू नका, हे दरवर्षीचंच आहे. 'होत असतं', 'चालत असतं', 'येत-जात असतं' या रूपांत ही समजूत घालण्याची छटा मुरलेली आहे. भांड्याला भांडं लागलं की घरातली थोरली माणसं "होत असतं असं" म्हणतात, ते यामुळंच. घटना वारंवार घडणारी आहे असं म्हटलं की तिची धार जाते. काकांनी २०१९चा महापूर बघितला असेल, तर ते हे रूप जपून वापरतील असं वाटतं, पण सवय मोठी असते.

तेव्हा तिन्ही वाक्यांत पाणी तेच आणि पातळी तीच. 'वाढतं' नियम सांगतं, 'वाढतंय' हाक मारतं, 'वाढत असतं' धीर देतं. शिकणाऱ्यानं कुठलं रूप निवडायचं ते घड्याळ बघून ठरवण्यापेक्षा, ऐकणाऱ्यानं उठावं की बसून राहावं हे बघून ठरवावं.

हिंदी बोलणारे "मी रोज बँकेत जातो आहे" का म्हणतात?

कारण हिंदीत 'जाता' नंतर 'है' लागतोच, त्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. तोच 'है' ते मराठीत 'आहे' म्हणून आणतात. पण मराठीत 'जातो' एकटा पुरेसा आहे. त्याच्यामागं 'आहे' लावलं की सवय संपते आणि क्रिया चालू होते. "मी बँकेत जातो आहे" म्हणजे मी आत्ता निघालोय. हिंदीतल्या 'जा रहा है'चं काम आपण 'जातो आहे' किंवा 'जात आहे'नं करतो.

शिकवणाऱ्यासाठी सोपी खूण म्हणजे 'रोज' आणि 'आहे' एका वाक्यात आले की थांबायचं. मात्र ही खूण डोळे मिटून वापरू नका. "सध्या रोज बँकेत जातोय, केवायसीचं काम संपतच नाही" हे वाक्य चांगलं मराठी आहे. थोड्या दिवसांपुरती लागलेली रहाटी आपण चालू रूपात सांगतो. "मी सांगलीत राहतो" म्हणणाऱ्याचं घर इथं आहे. "मी सध्या सांगलीत राहतोय" म्हणणारा पुढच्या बदलीची वाट बघतोय.

कानडी घरातल्यांची अडचण वेगळी असते. त्यांच्याकडं 'होगुत्ताने' या एकाच रूपात 'जातो' आणि 'जाईल' दोन्ही बसतात, त्यामुळं ते उद्याच्या गोष्टीलाही सर्रास 'जातो' लावतात. त्याचा फारसा त्रास होत नाही, कारण आपणही लावतो. ते पुढं येईल.

'जात आहे' आणि 'जातोय' एकच का?

अर्थ एकच. 'जात आहे' लिहिण्याचं, 'जातोय' बोलण्याचं. अर्जात, बातमीत, बँकेच्या पत्रात 'जात आहे' लिहा. तोंडी "मी जेवत आहे" म्हणणारा माणूस बातम्या देतोय असं वाटतं.

एक मात्र लक्षात ठेवा. 'जात आहे' मध्ये तो आणि ती कळत नाही, दोघांना रूप एकच. बोलीत ते कळतं, कारण 'जातोय' हे 'जातो आहे'चं आखडलेलं रूप आहे: तो जातोय, ती जातेय, ते पोर जातंय, लोक जातायत. म्हणून वहीत 'जात आहे' पाठ करून आलेल्या मुली बोलताना दचकतात आणि स्वतःबद्दल 'मी जातोय' म्हणून बसतात. तशी कोल्हापूरकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात आणि ते तिथं शोभतं. पण शिकताना आधी 'जातेय' पक्कं करावं.

रस्त्यात सगळे "कुठं चाललाय?" विचारतात. "कुठं जात आहात?" का नाही?

कारण 'जाणे'ची चालू क्रिया सांगायला मराठीत 'चालणे' उसनं घेतलंय. "कुठं चाललाय?" "मंडईत चाललोय." इथं पायी चालण्याचा संबंध नाही, मोटारसायकलवर बसलेलाही 'चाललोय'च म्हणतो. रूप 'गेला आहे', 'आला आहे' यांच्या वळणाचं, म्हणजे क्रिया पुरी झाल्याचं. अर्थ मात्र चालू क्रियेचा. 'जात आहात का' चूक नाही, फक्त गणपती पेठेत ते ऐकून समोरचा तुमचं गाव विचारेल.

सवयीला मात्र 'चाललो' चालत नाही. "मी रोज ऑफिसला चाललोय" कुणी म्हणत नाही, "जातो"च म्हणतात.

नकारात तिन्हींचं काय होतं?

इथं खरी गंमत आहे, कारण नकारात पहिल्या दोन रूपांची सरमिसळ होते. 'जातो'चा नकार 'जात नाही'. 'जात आहे'चा नकारही 'जात नाही'. "बस मिरजेला जात नाही" म्हणजे ती बस त्या मार्गाची नाही, की आज पाण्यामुळं बंद आहे? नुसत्या वाक्यावरून सांगता येत नाही. म्हणून बोलीत 'नाहीये' आलं. "जात नाहीये" म्हटलं की आत्ताची गोष्ट. पुराच्या दिवसांत "पाणी उतरत नाहीये" असंच ऐकू येतं, कारण "उतरत नाही" म्हटलं तर ते कधीच उतरत नाही असाही अर्थ निघेल. काही जण 'नाहीये' छापील मजकुरात खपवून घेत नाहीत. मला तो हट्ट वाटतो. भाषेला फरक दाखवायची गरज पडली आणि तिनं सोय केली.

शब्दांची जागा बदलली की तिसराच अर्थ येतो. "मी नाही जात!" यात सवय नाही, चालूपण नाही, सरळ नकार आहे. लहान पोरांना हे आधी येतं.

आणि 'जात असतो'चा नकार 'जात नसतो'. हा एकवचनात साधाच आहे, अनेकवचनात मात्र तो नियम घालून देतो. "तिन्हीसांजेला झोपत नसतात." "जेवताना बोलत नसतात." कर्ता सांगितलेलाच नाही, तरी ज्याला कळायचं त्याला कळतं. "पूर आल्यावर पुलावर बघायला जात नसतात" हे आजीचं वाक्य म्हणजे माहिती नव्हे, तंबी आहे. प्रश्नार्थक रूप त्याहून कडक: "असं बोलत असतात का मोठ्या माणसांशी?" याला उत्तर द्यायचं नसतं. परभाषिक सुना या वाक्यांना भाबडेपणानं "हो" किंवा "नाही" म्हणतात आणि घरात हशा पिकतो.

"साहेब खुर्चीवर बसत आहेत" यात चूक काय?

व्याकरणाची काही नाही. पण चित्र असं उभं राहतं की साहेब अर्धवट वाकले आहेत आणि खुर्चीला अजून टेकलेले नाहीत. बसणे, झोपणे, उभं राहणे, कपडे घालणे या क्रियापदांत मराठी आधी ती स्थिती गाठण्याची क्रिया बघते. स्थिती गाठून झाली की 'बसले आहेत', 'झोपला आहे', 'साडी नेसली आहे' म्हणायचं. "बाळ झोपतंय" म्हणजे अंगाई चालू आहे, आवाज करू नका. "बाळ झोपलंय" म्हणजे आता हळू आवाजात गप्पा मारायला हरकत नाही.

यांची सवय सांगताना 'बसलेले असतात'. "दहाला गेलात तर साहेब बसलेले असतात" म्हणजे जागेवर सापडतात. आणि "तो मामाच्या दुकानात बसतो" म्हणजे तो दुकान सांभाळतो, त्याचा रोजगारच तो. असं बसणं दिवसभर उभ्यानंही होतं.

गावाकडं "पाऊस पडायलाय", "जेवालोय" ऐकलं. हे कुठलं रूप?

आपल्या भागाचं चालू रूप. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात "काय करालायस?" म्हणजे काय करतोयस, आणि "जेवालोय" म्हणजे जेवतोय. मागं 'करायला लागलायस', 'जेवायला लागलोय' आहे, बोलता बोलता 'लाग' झिजून गेलं. पुस्तकी मराठीत "पाऊस पडायला लागलाय" म्हणजे नुकती सुरुवात झालीय. इथं ते बंधन नाही, सकाळपासून झोडपणाऱ्या पावसालाही "पडायलाय"च म्हणतात. पुण्याचा माणूस याचा अर्थ 'आत्ताच आला' असा लावून छत्री शोधत बसतो, तोवर अंगण भरलेलं असतं. खेड्यात "जातूय", "वाढतंया"ही ऐकू येईल, ते 'जातोय' आणि 'वाढतंय'च.

सवयीला मात्र हे 'लाग' लागत नाही. तिथं साधं 'पडतो', किंवा 'पडत असतो'.

"मी जातो" म्हणजे सवय की निघालो?

निघालो. एकट्या 'मी जातो'मध्ये सवय क्वचितच असते, तिला 'रोज' किंवा 'तिकडं' असा काहीतरी आधार लागतो. उठताना "येतो" म्हणणं जास्त रीतीचं, हे सांगायला नको. "उद्या जातो" म्हणजे नक्की जाईन. 'जाईन'पेक्षा त्यात शब्द दिल्याचा भाव जास्त, म्हणून पैसे मागायला आलेल्याला "उद्या देतो" सांगतात.

भूतकाळातही अशीच तीन रूपं आहेत का?

जवळजवळ. वाटेत असण्याला 'जात होता', सवयीला 'जायचा'. 'जात असे' आता लेखातच उरलंय आणि 'जाई' त्याहून जुनं. 'जात असतो'चा भूतकाळ 'जात असायचा', तो वरच्या फोनच्या वाक्यासारख्या ठिकाणी लागतो: "मी फोन करायचो तेव्हा तो वाटेत जात असायचा." एरवी 'जायचा' पुरतं. 'जायचा' म्हटलं की आता जात नाही असा वास येतोच, त्यामुळं अजूनही जाणाऱ्या माणसाबद्दल तो वापरू नका.

मुलीच्या व्याकरणाच्या पुस्तकात "तो रोज शाळेत जातो" हा साधा वर्तमानकाळ दिलाय. सवय आहे तर रीती वर्तमानकाळ का नाही?

शाळेतली नावं रूपावरून दिलेली आहेत, अर्थावरून नाहीत. 'जातो' हा साधा, 'जात आहे' हा अपूर्ण, 'जात असतो' हा रीती वर्तमानकाळ. 'रोज' शब्द दिसला म्हणून 'रीती' लिहिलं तर मार्क जातात. पेपरात क्रियापदाचं शेपूट बघायचं आणि बाकी सगळं विसरायचं.